टॅरोत सिक्स ऑफ कप्स आलं आणि शाळेतल्या जुन्या माणसाला मेसेज करायचाय? आधी हे करून बघा

दहावीच्या बॅचचा ग्रुप कोणीतरी काढतो, पंधरावीस वर्षांनी सगळे नंबर एका जागी येतात, आणि मग रात्री जेवणं आटपल्यावर एखादीचा फोन येतो की ताई पत्ते काढून दे ना, मला एकाला मेसेज करायचाय. जळगाव, धुळे, चाळीसगाव, नंदुरबार, कुठूनही फोन आला तरी गोष्ट साधारण हीच असते. आणि अशा प्रश्नात सिक्स ऑफ कप्स निघालं की समोरचा माणूस एकदम खूश होतो, कारण नेटवर सगळीकडे लिहिलेलं असतं की हे कार्ड म्हणजे बालपणीचं प्रेम परत येणार. मी तसं वाचत नाही. या कार्डात दुसरा माणूस येतोय असं कुठेच दिसत नाही, दिसतं ते एवढंच की कोणीतरी कोणाला तरी काहीतरी देतंय. म्हणून माझं रीडिंग "तो येईल का" या प्रश्नावर थांबत नाही, "तू काय घेऊन जाणार आहेस" इथे जातं. ते कसं करायचं ते आता नीट सांगते. डेक रायडर-वेट पद्धतीचाच घ्या, म्हणजे 1909 साली आर्थर वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकार बाईंकडून काढून घेतलेला, किंवा त्याच चित्रांवरून केलेला कुठलाही. मार्सेल डेकमध्ये या कार्डावर नुसते सहा पेले असतात, मुलं नसतातच, त्यामुळे खाली सांगितलेलं निम्मं त्यावर चालणार नाही.

पहिलं काम पत्त्यांशिवायचं

पत्ते पिशवीतच राहू द्या आणि एक कागद घ्या. त्यावर दोन गोष्टी लिहायच्या. एक, त्या माणसाबद्दल आज मला नक्की काय माहितीये, म्हणजे ऐकीव नाही, नक्की. लग्न झालंय का, कुठे राहतो, घरी नुकतंच काही दुःखाचं झालंय का. यातलं काही माहीत नसेल तर ते पत्त्यांना विचारू नका, ग्रुपमधल्या ज्या मैत्रिणीला सगळ्यांची खबर असते तिला विचारा, प्रत्येक बॅचमध्ये अशी एक असतेच. पत्ते लग्नाचं रजिस्टर नाहीत.

दुसरं म्हणजे शेवटी काय झालं होतं ते. भांडण झालं होतं, का नुसतंच बारावीनंतर कोणी पुण्याला गेलं, कोणी नाशिकला, आणि सुटून गेलं? का त्याने किंवा तिने स्पष्ट नाही म्हटलं होतं? हे तिसरं असेल, किंवा तुम्हाला ब्लॉक केलेलं असेल, तर इथेच थांबा, पुढे स्प्रेड, म्हणजे पत्त्यांची मांडणी, करू नका. नाही म्हटलेलं माणूस वीस वर्षांनी हो म्हणेल का हे बघायला हे कार्ड वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एक गोष्ट लोक बोलत नाहीत म्हणून मी बोलते: तुम्ही शाळेत होता आणि समोरचा मोठा माणूस होता, म्हणजे ट्यूशनचे सर वगैरे, तर ते बालपणीचं प्रेम नव्हतं. कार्डातही एक आकृती मोठी आणि एक लहान आहे, आणि काही रीडर त्या मोठ्या आकृतीकडे संशयानेच बघतात. अशा आठवणीत हे कार्ड आलं तर संपर्क करा असा त्याचा अर्थ मी कधीच काढत नाही, जवळच्या कोणाशी तरी आधी बोल एवढंच सांगते.

मग प्रश्न लिहायचा. "तो माझ्याबद्दल काय विचार करतो" हा प्रश्न खोडून टाका. दुसऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे तुमच्या हातातल्या पत्त्यांत येत नाही, येतं ते तुमच्या डोक्यातलं, आणि तेच तुम्ही त्याचं म्हणून वाचता. त्याऐवजी असं लिहा: मी या माणसाला मेसेज केला तर मी त्यात काय देतेय, काय मागतेय, आणि तो कसा लिहू?

कार्ड नीट बघा, पाच मिनिटं तरी

आता सिक्स ऑफ कप्स बाहेर काढा आणि सरळ ठेवा. बघताना अर्थ आठवू नका, फक्त काय काढलंय ते बघा. जुन्या वाड्याचं अंगण आहे. समोर चार पेले, मागे दगडी खांबासारख्या कशावर तरी एक, आणि सहावा त्या मुलाच्या हातात. प्रत्येक पेल्यात पांढरं, चांदणीसारखं पाच पाकळ्यांचं फूल. कप्स म्हणजे पाण्याचे, भावनांचे पत्ते, पण या सहा पेल्यांत पाणी दिसतच नाही, फुलंच दिसतात. म्हणजे पिण्यासारखं काही नाही, बघण्यासारखं आणि देण्यासारखं आहे. मुलगा वाकून पेला देतोय, मुलगी त्याच्यापेक्षा बरीच लहान दिसते, आणि तिच्या एका हातात पांढरा हातमोजा आहे. डाव्या बाजूला मागे भाला घेतलेला एक माणूस पाठ करून चाललाय, तो बऱ्याच जणांना पहिल्यांदा दिसतच नाही.

मी रीडिंगला बसलेल्या माणसाला इथे एकच विचारते, यात तू कोण? उत्तर पटकन यायला हवं, विचार करून नाही. "देणारा मुलगा" म्हटलं तर तिच्याकडे सांगायला काहीतरी आहे, आभार, माफी, एखादी गोड आठवण. "मुलगी" म्हटलं तर तिला काहीतरी मिळायला हवंय, आणि ते काय हे शोधल्याशिवाय मेसेज लिहायचा नाही, कारण तो मेसेज मागणीचा होणार. आणि क्वचित कोणी म्हणतं, मी तो मागचा जाणारा माणूस. हे उत्तर आलं की मी सरळ सांगते की तुला बहुतेक मेसेज करायचाच नाहीये, तू निरोप घेऊन झालीयेस, ग्रुपवरचा फोटो बघून थोडं हललं इतकंच.

त्या जाणाऱ्या माणसाचा आणखी एक उपयोग आहे. तो रखवालदार धरला तर चित्रातली मुलं लहान आहेत आणि कोणीतरी त्यांच्यावर लक्ष ठेवून होतं. आपल्या शाळेच्या काळात तो कोण होता? खानदेशातल्या तालुक्याच्या गावात नववी-दहावीत मुलामुलींनी वहीसुद्धा एकमेकांना उघड दिली की गावभर व्हायचं, कोणाचा मोठा भाऊ, कोणाचे काका, कोणी ना कोणी बघतच असायचं. आता तो रखवालदार निघून गेलाय, फोन तुमच्या हातात आहे. त्याच्या जागी आता तुम्हीच उभे आहात हे लक्षात ठेवून पुढचं करायचं.

वेट यांनी स्वतः या कार्डाचा अर्थ भूतकाळ, आठवणी, मागे वळून बघणं असा दिलाय, आनंद आहे पण तो मागून येणारा, सरून गेलेल्या गोष्टींचा. आणि त्यांनीच दुसरंही एक वाचन दिलंय, नवी ओळख, नवी जागा, मुलं अनोळखी अंगणात खेळतायत. उलटं पडलं तर भविष्य, लवकरच घडणारं काहीतरी. म्हणजे बघा, प्रेमी परत येईल असं मूळ अर्थात कुठेच नाही, ते नंतर लोकांनी जोडलं. मला ते दुसरं वाचन या प्रश्नासाठी जास्त कामाचं वाटतं: ज्याला तुम्ही भेटाल तो आज अनोळखी माणूसच आहे, अंगण फक्त ओळखीचं आहे.

मांडायचं कसं

कार्ड आपोआप निघालेलं असो किंवा तुम्ही मुद्दाम काढून ठेवलेलं असो, या स्प्रेडमध्ये ते मध्येच राहतं. ते काढलं की उरले 77 पत्ते. ते शफल करा आणि चार पत्ते काढा, पालथेच ठेवा. डावीकडे पहिला: माझ्या आठवणीत जे राहून गेलं किंवा मी गाळलं ते. वर दुसरा: आज मला यातून काय हवंय. उजवीकडे तिसरा: आजचं वास्तव, दोन्ही घरांचं. खाली चौथा: मेसेज कसा असावा. एवढेच. अर्थ अजून स्पष्ट व्हावा म्हणून, म्हणजे क्लॅरिफायर म्हणून, आणखी पत्ते काढत बसू नका, या प्रश्नात तर नकोच, कारण मनाला हवं ते येईपर्यंत हात थांबत नाही.

चौघांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवलाय की मेसेजचं कार्ड सगळ्यात शेवटी उलटेल. आधी ते बघितलं की बाकीचे तीन कोणी वाचतच नाही.

एका ताईंचं रीडिंग

धुळे जिल्ह्यातल्या एका गावच्या, लग्न होऊन नाशिकला गेलेल्या एक ताई आहेत, चाळिशीच्या जवळच्या, त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. बॅचच्या ग्रुपवर ठरलं होतं की कानबाईला बहुतेक जण गावी असतात, तेव्हा सोमवारी विसर्जन झाल्यावर शाळेतच भेटू. आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोटाचा स्वयंपाक असतो, सगळी भाऊबंदकी गावात जमते, सुरतला असलेला असो का पुण्याला, त्याला यावंच लागतं. तर त्या ग्रुपवर वर्गातल्या एका मुलाचा नंबर दिसला आणि ताईंची झोप उडाली. त्यांचं म्हणणं, आमचं होतं, बोललो नव्हतो पण होतं. त्यांनी एकटीने पत्ता काढला, सिक्स ऑफ कप्स, आणि लगेच मला फोन. मेसेज टाइप करून तयारच होता, पाठवायचा बाकी होता.

मी म्हटलं थांबा, आधी चार पत्ते मांडू. चित्रात तुम्ही कोण, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, "मुलगीच ना, अजून कोण."

डावीकडे आलं एट ऑफ स्वोर्ड्स. बांधलेली, डोळ्यांवर पट्टी असलेली बाई, भोवती तलवारी, मागे उंचावर किल्ल्यासारखं काहीतरी. त्या आधी म्हणाल्या हे चुकीचं आलं, आमचं तर सगळं गोड होतं. मी विचारलं, त्याच्याशी तुम्ही किती वेळा बोललात? मग हिशोब निघाला की सगळं मिळून चार-दोन वाक्यं, तीही वहीबद्दल. बोलायची सोयच नव्हती. म्हणजे आठवणीतून गाळलेली गोष्ट ही होती की तो माणूस त्यांना कधी नीट माहीतच नव्हता. वीस वर्षं सांभाळून ठेवलं ते त्याच्याबद्दलचं नव्हतं, जे बोलता आलं नाही त्याबद्दलचं होतं. सिक्स ऑफ कप्सच्या डाव्या बाजूला तलवारींचा पत्ता आला की मी नेहमी हे तपासते, आठवणीत गोडवा किती आणि अडवणूक किती, कारण अडवलेली गोष्ट नंतर जास्त गोड वाटते.

वर आलं फोर ऑफ कप्स. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, समोर तीन पेले, ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय, तो बघतच नाहीये. हे कार्ड "आज मला काय हवंय" या जागी आलं की गोष्ट जवळपास सांगूनच जाते. कंटाळा. आता यात गंमत अशी की मधल्या कार्डातही एक पेला कोणीतरी पुढे करतंय आणि वरच्यातही, पण जुना पेला आपल्याला दिसतो आणि आज समोर धरलेला दिसत नाही. ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, घरात वाईट काहीच नाही हो, पण कोणी मला विचारत नाही की तू कशी आहेस. म्हणजे त्या मुलीला हवं होतं ते हे होतं, आणि तो वर्गातला मुलगा त्यासाठी योग्य दुकान नव्हता.

उजवीकडे टेन ऑफ पेंटॅकल्स. म्हातारा माणूस, दोन कुत्रे, जोडपं, लहान मूल, भरलेलं घर. पुस्तकात लिहिलेलं असतं संपत्ती, वारसा. या जागी मी ते साधं वाचते: दोन्हीकडे माणसं आहेत. हा नकार नाही हे नीट समजून घ्या, लोक इथे घाबरतात. याचा अर्थ एवढाच की तुमचा मेसेज एकटा माणूस वाचणार नाही, घर वाचणार. त्यातून मी एक नियम काढला जो त्यानंतर सगळ्यांना सांगते: मेसेज असा लिहा की त्याच्या बायकोने त्याच्या फोनवर मोठ्याने वाचला आणि तुमच्या नवऱ्याने तुमच्या फोनवर वाचला तरी कोणाच्या हातातला घास थांबू नये.

खाली पेज ऑफ कप्स. फुलाफुलांचा अंगरखा घातलेला पोरगा, हातातल्या पेल्यातून मासा डोकं काढून बघतोय, तो त्याच्याकडे कौतुकाने बघतोय. हलकं, छोटं, थोडं गमतीशीर, कसलीही मागणी नसलेलं. मेसेजच्या जागी यापेक्षा चांगलं कार्ड क्वचितच येतं. तिथे नाइट ऑफ कप्स आलं असतं तर मी म्हटलं असतं की आज पाठवू नका, कारण नाइट स्वतःच पेला घेऊन घोड्यावर निघालाय, त्याला पोचायचंय, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात भेट आधीच ठरलीये.

पत्त्यांवरून मेसेज

आता ताईंनी आधी टाइप केलेला मेसेज काय होता ते बघा. "ओळखलंस का? इतक्या वर्षांनी तुझा फोटो बघून खूप काही आठवलं. तू अजून तसाच आहेस. बोलायचं होतं तुझ्याशी." वेळ रात्री साडेअकरा. वाचायला साधा वाटतो, पण चारही पत्ते लावून बघा. खूप काही आठवलं, म्हणजे काय ते सांगितलंच नाही, समोरच्याने ओळखायचं, हे एट ऑफ स्वोर्ड्स परत, न बोललेलं परत न बोललेलंच. तू अजून तसाच आहेस, हे फोटोवरून कसं कळलं? बोलायचं होतं, ही मागणी. आणि साडेअकराची वेळ टेन ऑफ पेंटॅकल्सला अजिबात पटणारी नाही.

मग आम्ही मधल्या कार्डाकडे परत आलो. मुलगा सगळे सहा पेले देत नाहीये, एकच देतोय, आणि त्या पेल्यात एकच फूल आहे. तर एकच आठवण निवडायची, अशी की ज्यात त्या माणसाने खरंच काहीतरी केलं होतं, आणि ती नाव-गाव-वस्तूसकट लिहायची. ताई बराच वेळ "तो बघायचा", "तो हसायचा" असंच सांगत होत्या. ही आठवण नाही चालत, कारण तो बघत होता का हे त्यालासुद्धा आठवणार नाही. शेवटी निघालं की दहावीत त्यांना टायफॉइड झाला होता, पंधरा दिवस शाळा बुडाली, आणि परत आल्या तर सायन्सच्या जर्नलमधल्या सगळ्या आकृत्या काढून कोणीतरी बाकावर ठेवलेलं. तो होता. त्यांनी कधी थँक्यू म्हटलं नव्हतं, म्हणायची सोय नव्हती.

हे मिळालं आणि ताईंची जागा बदलली. मुलगी होत्या त्या देणाऱ्या झाल्या, कारण आता त्यांच्याकडे द्यायला काहीतरी होतं. मेसेज असा झाला:

"नमस्कार, मी अमुक, दहावी ब, आता नाशिकला असते. ग्रुपवर नाव बघितलं म्हणून लिहितेय. दहावीला मला टायफॉइड झाला होता तेव्हा माझ्या सायन्सच्या जर्नलच्या आकृत्या तुम्ही काढून दिल्या होत्या, बेडकाची तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. तेव्हा थँक्यू म्हणायचं राहून गेलं, ते आता म्हणते. कानबाईला सगळे भेटतोय तेव्हा घरच्यांना पण घेऊन या."

बघा यात काय काय आहे. नाव आणि तुकडी पहिल्या ओळीत, म्हणजे "ओळखलं का" चा खेळ नाही. "तुम्ही" ठेवलंय, कारण शाळेत दोघांचं बोलणंच नव्हतं, एकदम "तू" म्हणजे नसलेली जवळीक आणणं. बेडकाच्या आकृतीची ओळ हा पेजच्या पेल्यातला मासा, थोडं हसू. शेवटी प्रश्न नाही, त्यामुळे उत्तर नाही आलं तरी मेसेज अर्धवट राहत नाही, आणि निमंत्रण आहे ते सगळ्यांचं. पाठवायची वेळ सकाळी दहा-अकरा. व्हॉइस नोट नको, पहिल्या वेळी तर नकोच, आवाज ऐकल्यावर उत्तर द्यायचं दडपण येतं.

काही दिवसांनी त्याचं उत्तर आलं, हो आठवतंय, बेडूक मी भावाकडून काढून घेतला होता, आणि हसण्याच्या दोन इमोजी. एवढंच. ताईंना आधी वाईट वाटलं, मग खूप हसायला आलं. कानबाईच्या सोमवारी तो बायको-मुलांसकट आला, सगळ्यांनी मिळून चहा घेतला. फोर ऑफ कप्सचं जे निघालं होतं ते मात्र त्यांनी घरी नवऱ्याशी बोलून काढलं, ते वेगळं आणि मोठं काम, ते पत्त्यांनी होत नाही.

मैत्रीण असेल तर थोडं वेगळं

बाकावरची मैत्रीण, जिच्याशी भांडण होऊन तुटलं, तिच्यासाठी स्प्रेड हाच, पण डावीकडचं कार्ड वाचताना मी स्वतःचा वाटा शोधायला लावते. फाइव्ह ऑफ स्वोर्ड्स आलं, म्हणजे जिंकून तलवारी गोळा करणारा आणि मागे मान घालून जाणारे दोघं, तर विचारायचं, त्या भांडणात जिंकलं कोण होतं? जिंकलेल्याने आधी लिहायचं, आणि त्या भांडणाचं नाव घेऊन लिहायचं, नुसतं "झालं गेलं विसरून जा" नाही. हरलेला माणूस विसरलेला नसतो. इथे "तुम्ही" घालू नका, उलट आपली जुनी भाषाच कामाची, एका मैत्रिणीने तर सुरुवातच अहिराणीत केली, "काय वं, वळखं का माले?" आणि समोरून लगेच फोन आला. ही सुरुवात वर्गातल्या मुलाला करू नका, तिथे हीच ओळ फार सलगीची होते. मैत्रिणींसाठी दिवस म्हणाल तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सगळ्यात बरी, लग्न झालेल्या पोरी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, भेटायला वेगळं कारण लागत नाही.

शेजारी काय पडलं तर

सगळे पत्ते सांगत बसत नाही, चारच सांगते जे या प्रश्नात सारखे येतात. सेव्हन ऑफ कप्स, ढगातले सात पेले, प्रत्येकात काहीतरी वेगळं स्वप्न: हा नंबराने सिक्सच्या लगेच पुढचा पत्ता आहे आणि तेच होतं, आठवणीवरून माणूस कल्पनेत घसरतो. हा वरच्या जागी आला तर महिनाभर मेसेज थांबवा आणि त्या वेळात कोणा मैत्रिणीला सगळं बोलून दाखवा, अर्ध्या गोष्टी बोलतानाच विरतात. फाइव्ह ऑफ कप्स, सांडलेल्या पेल्यांकडे बघणारा काळ्या झग्यातला माणूस: ताजं दुःख आहे, घटस्फोट, कोणी गेलंय, नोकरी गेलीये, आणि जुनं नातं त्यावर औषध म्हणून हवंय. समोरच्याला ते औषधाचं काम सांगायचं नाही. डेव्हिल खालच्या जागी आलं तर मी लिहूच देत नाही, पाठवल्यावर दर दहा मिनिटांनी लास्ट सीन बघत बसणार हे जवळपास ठरलेलं. आणि जजमेंट, कर्णा वाजवणारा देवदूत आणि पेट्यांतून उठणारी माणसं, हे उजवीकडे आलं तर बरेचदा समोरूनही कोणीतरी ग्रुप जमवतंय, मग एकट्याने वेगळा मेसेज करण्यापेक्षा त्या गेट टुगेदरमध्येच भेटा.

सिक्स ऑफ कप्स स्वतः उलटं पडलं असेल तर? एकटं काढताना असं होतं. नवे रीडर म्हणतात भूतकाळात अडकलात, वेट म्हणतात पुढे येणारं. यातलं खरं कुठलं ते कसं ठरवायचं, तर माणसाला विचारून. मागच्या आठवड्यात या माणसाचं प्रोफाइल किती वेळा उघडलं? रोज, असं उत्तर असेल तर अडकलात. आठवणच नव्हती, अचानक लग्नपत्रिका किंवा बॅचचा मेसेज आला, असं असेल तर पुढचं धरा, भेट तशीही होणारच आहे.

वेळ विचारतात त्यांच्यासाठी

गोल्डन डॉन या इंग्लंडमधल्या जुन्या मंडळाच्या पद्धतीत या कार्डाला वृश्चिकेतला सूर्य दिलाय, मधला द्रेष्काण, म्हणजे राशीचा मधला तिसरा हिस्सा, म्हणून काही जण सांगतात नोव्हेंबरचे पहिले दहा-बारा दिवस. आपल्याकडे पंचांग बघणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो, कारण ती सायन रास आहे, आपल्या निरयन पंचांगात तेव्हा सूर्य तुळेत असतो आणि वृश्चिकेत नोव्हेंबरच्या मध्याला जातो. मी हा हिशोब वापरत नाही. त्या सुमारास भेट झालीच तर ती बहुतेक दिवाळीने झालेली असते, सगळे गावी आलेले असतात.

मेसेज गेल्यावर

निळ्या टिक आल्या आणि उत्तर नाही, इथे लोक सगळं बिघडवतात. परत पत्ते काढतात, मग परत, आणि कधीतरी टू ऑफ कप्स निघतं आणि दुसरा मेसेज जातो. एका प्रश्नावर एकच मांडणी, आणि तिचा फोटो काढून ठेवा म्हणजे नंतर "असं थोडंच आलं होतं" म्हणता येणार नाही. पुढचा मेसेज फक्त सणाचा, दिवाळीला सगळ्यांना जातो तसाच, त्यात नाव घालून वेगळं काही लिहू नका. त्यालाही उत्तर नसेल तर नंबर राहू द्या, चॅट अर्काइव्ह करा.

उत्तर आलं आणि लांब आलं, रोज यायला लागलं, तर उजवीकडचं कार्ड परत बघा, फोटो आहेच. आणि घरी सांगितलंय का हे स्वतःला विचारा. चॅट डिलीट करायला सुरुवात झाली असेल तर नवीन रीडिंगची गरज नाही, उत्तर तुमच्या हातातच आहे. सांगितलंय आणि घरच्यांनी "अरे त्याला जेवायला बोलव" असं म्हटलंय, तर शेवभाजी करा आणि बोलवा.